एकवीस चालींचा हिशेब

एका गटात २१ घटक आहेत, एवढीच माहिती तुमच्या हातात आहे असं समजा. घटक कोणते, ते एकमेकांशी कसे जुळतात, हा गट कुठून आला, यातलं काही ठाऊक नाही. तरीही त्याच्या आत ७ घटकांचा एक लहान गट दडलेला आहे, तसा तो एकच आहे, आणि त्यामुळे मोठा गट ‘सरल’ असूच शकत नाही, असं ठामपणे सांगता येतं. नुसत्या २१ या आकड्यावरून. बीजगणितातल्या ज्या गोष्टी मला पहिल्यांदा कळल्या तेव्हा मी वही बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो, त्यांतली ही एक. ती समजायला भागाकार आणि थोडी चिकाटी पुरते.

गट म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा एक गट हातात घेऊन पाहू. आठवड्याचे सात वार घ्या आणि त्यांना क्रमांक द्या: रविवार ०, सोमवार १, मंगळवार २, असं करत शनिवार ६. आता या वारांवर दोन प्रकारच्या चाली खेळायच्या. पहिली चाल सरकवण्याची. प्रत्येक वार ठरावीक दिवस पुढे न्यायचा, शनिवारनंतर पुन्हा रविवार. दुसरी दुपटीची. वाराचा क्रमांक दुप्पट करायचा आणि ७ने भागून उरलेली बाकी घ्यायची. दुपटीने सोमवार मंगळवारवर जातो, मंगळवार गुरुवारवर आणि गुरुवार (४ दुणे ८, बाकी १) पुन्हा सोमवारवर. दुसरीकडे बुधवार शनिवारवर, शनिवार शुक्रवारवर आणि शुक्रवार परत बुधवारवर. रविवार जागच्या जागी, कारण शून्याची दुप्पट शून्यच. तीनदा दुप्पट केली की सगळे वार आपापल्या घरी परततात.

या दोन चाली हव्या तितक्या वेळा, हव्या त्या क्रमाने खेळल्या तरी निष्पन्न होणाऱ्या वेगवेगळ्या चाली मोजक्याच आहेत. प्रत्येक चाल म्हणजे आधी १, २ किंवा ४ने गुणणं आणि मग ० ते ६ दिवस पुढे जाणं. गुणण्याचे ३ पर्याय, सरकण्याचे ७, एकूण २१. कोणत्याही दोन चाली लागोपाठ खेळल्या तरी या २१मधलीच एक मिळते. प्रत्येक चाल उलटी फिरवता येते. आणि काहीच न हलवणारी, ‘जैसे थे’ ठेवणारी चालही त्यात आहे. एवढं जमलं की त्या संचाला गट म्हणतात, आणि घटकांच्या संख्येला गटाची कोटी. आपल्या गटाची कोटी २१, म्हणजे ३ गुणिले ७.

आता ‘सरल’ या शब्दाकडे वळू. इथे सरल म्हणजे सोपा नव्हे. मूळ संख्येचे जसे तुकडे पडत नाहीत, तसा ज्याचा हिशेब याहून लहान हिशेबात मिटवता येत नाही तो सरल गट. हिशेब मिटवणं म्हणजे काय, तेही वारांवरच दिसतं. समजा २१ चालींची नोंद ठेवणारा माणूस कंटाळला आणि त्याने ठरवलं की किती दिवस सरकवलं ते लिहायचंच नाही, फक्त कितीने गुणलं तेवढं टिपायचं. चालेल का? चालेल. एका चालीत २ने गुणलं आणि पुढच्या चालीत ४ने, तर मिळून ८ने, म्हणजे १ने गुणलं गेलं. मध्ये कितीही दिवस सरकवलेलं असो, त्याने या हिशेबात फरक पडत नाही. २१ चालींचा गट ३ चालींच्या हिशेबात मिटला.

उलट केलं तर? समजा तो म्हणाला, गुणाकार सोडून देऊ, किती सरकवलं तेवढंच लिहू. आता वही कोलमडते. ‘जैसे थे’ आणि ‘दुप्पट’ या दोन्ही चालींत सरकवणं शून्य आहे, म्हणजे त्याच्या वहीत दोन्ही एकच. पण आधी एक दिवस पुढे जाऊन मग ‘जैसे थे’ केलं तर एकूण सरकवणं १ दिवसाचं होतं. आधी एक दिवस पुढे जाऊन मग दुप्पट केली तर तो एक दिवससुद्धा दुप्पट होतो आणि सरकवणं २ दिवसांचं होतं. वहीतल्या नोंदी सारख्या, निकाल मात्र वेगळे. अशी वही निरुपयोगी आहे.

कोणता भाग विसरला तर वही टिकते? याचं उत्तर उपगटांत आहे. मोठ्या गटातला जो भाग स्वतःच एक गट असतो तो उपगट. शून्य ते सहा दिवसांच्या ७ सरकचाली हा एक उपगट. ‘जैसे थे’, दुप्पट आणि चौपट या तीन चाली हा दुसरा. सरकचालींचा उपगट विसरता येतो, दुपटीचा येत नाही. फरक कशाने पडतो? एक साधी कसोटी लावून पाहा. उपगटातली एक चाल घ्या. तिच्याआधी मोठ्या गटातली कोणतीही चाल उलटी खेळा आणि तिच्यानंतर तीच चाल सुलटी खेळा. जे मिळेल ते पुन्हा त्याच उपगटात राहतं का?

दुपटीवर ही कसोटी लावू. आधी एक दिवस मागे, मग दुप्पट, मग एक दिवस पुढे. मंगळवार मागे येऊन सोमवार झाला, दुपटीने पुन्हा मंगळवार, एक पाऊल पुढे बुधवार. बुधवार अशाच मार्गाने शुक्रवारवर जातो आणि शुक्रवार मंगळवारवर. सोमवार मात्र हलत नाही. म्हणजे ही दुपटीसारखीच चाल झाली, फक्त तिचा खुंटा रविवारवरून सोमवारवर आला. दुपटीच्या उपगटातल्या सगळ्या चाली रविवार जागेवर ठेवतात, ही ठेवत नाही. उपगट कसोटीत नापास. सरकचालींना कसोटी लावली तर? दुपटीची उलट म्हणजे चौपट (कारण दोन चोक ८, बाकी १). तर आधी चौपट, मग एक दिवस पुढे, मग दुप्पट. मिळतं काय, तर दोन दिवस पुढे. चाल बदलली, पण राहिली सरकचालच. जो उपगट या कसोटीत प्रत्येक वेळी आपल्या जागी राहतो त्याला सामान्य उपगट म्हणतात. ‘जैसे थे’ एकटी आणि अख्खा गट हे दोन तर नेहमीच सामान्य असतात, त्यांना कोणी मोजत नाही. याखेरीज एकही सामान्य उपगट नसेल तर तो गट सरल.

आता मोजणी सुरू करू. ३ चालींचे उपगट किती? रविवारच्या खुंट्याभोवतीचा एक, सोमवारच्या खुंट्याभोवतीचा एक, असे प्रत्येक वाराचा एक, म्हणजे सात. ७ चालींचा उपगट किती? एकच, सरकचालींचा. सात उपगटांत ‘जैसे थे’ सोडून प्रत्येकी २ चाली, म्हणजे १४. सरकचालींत ‘जैसे थे’ सोडून ६. आणि ‘जैसे थे’ स्वतः १. चौदा, सहा आणि एक मिळून २१. एकही चाल उरली नाही आणि एकही दोनदा मोजली गेली नाही.

सात आणि एक हे आकडे योगायोगाने आलेले नाहीत. रविवारच्या खुंट्याचा उपगट घ्या आणि त्याच्या दुपटीने वरची कसोटी सातही उपगटांवर चालवून पाहा. रविवारचा उपगट आपल्या जागी राहतो. सोमवारचा मंगळवारच्या जागी जातो, मंगळवारचा गुरुवारच्या, गुरुवारचा सोमवारच्या. बुधवार, शनिवार आणि शुक्रवार यांचंही असंच एक तिकडं फिरतं. सात म्हणजे एक अधिक तीन अधिक तीन. तीनने भागलं तर बाकी एक, आणि ती एक बाकी म्हणजे स्वतः रविवारचा उपगट, जो इतरांना फिरवतो पण स्वतः हलत नाही.

नॉर्वेतल्या एका शाळामास्तराने १८७२ साली हेच सर्व गटांसाठी सिद्ध केलं. लुडविग सायलो (आपल्याकडच्या वर्गांत रूढ असलेला उच्चार हा) १८३२ साली क्रिस्टियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लोमध्ये जन्मले आणि १८५८पासून चाळीस वर्षं फ्रेडरिक्सहाल्ड या गावातल्या शाळेत शिकवत राहिले. १८६२ साली त्यांना काही काळ विद्यापीठात व्याख्यानं द्यायची संधी मिळाली. विषय होता गाल्वाचं काम, आणि श्रोत्यांत पुढे मोठं नाव झालेले सोफस ली बसलेले होते. दहा वर्षांनी सायलो यांचा तो निबंध एका जर्मन नियतकालिकात फ्रेंच भाषेत छापून आला, जेमतेम दहा पानांचा. प्राध्यापकपद त्यांना मिळालं ते १८९८ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. आज पदव्युत्तर बीजगणिताच्या वर्गात त्यांच्या नावावाचून पान हलत नाही.

सायलो यांचं म्हणणं आपल्या कामापुरतं असं. गटाच्या कोटीत एखाद्या मूळ संख्येचा जो मोठ्यात मोठा घात बसतो, तेवढ्या कोटीचा उपगट त्या गटात असतोच. असे उपगट जितके असतील त्या संख्येला त्या मूळ संख्येने भागलं तर बाकी १ राहते. आणि तो घात काढून घेतल्यावर कोटीचा जो भाग उरतो, त्याला ही संख्या निःशेष भागते. आपल्या २१मध्ये प्रत्येक मूळ संख्या एकदाच येते, म्हणून घात पहिलाच आणि हिशेब अगदी मोकळा.

आता वारांना निरोप देऊ आणि २१ कोटीचा कोणताही अनोळखी गट घेऊ. ७ कोटीचे उपगट किती असू शकतात? ७ने भागून बाकी १ हवी, म्हणजे १, ८, १५, २२ असे पर्याय. शिवाय त्या संख्येने ३ला भाग जायला हवा, म्हणजे १ किंवा ३. दोन्ही याद्यांत असलेला आकडा एकच: १. ७ कोटीचा उपगट एकुलता एक आहे. आणि जो एकुलता एक आहे तो सामान्यही असणारच, कारण आपली कसोटी उपगटाला नेहमी तेवढ्याच कोटीच्या उपगटावर नेते. तसा दुसरा उपगट अस्तित्वातच नाही, मग तो जाणार कुठे? स्वतःवरच. सामान्य उपगट सापडला, गट सरल नाही.

यात ३ आणि ७ यांचं खास असं काही लागलं नाही. कोणत्याही दोन वेगळ्या मूळ संख्या p आणि q घ्या, q मोठी समजा. pq कोटीच्या गटात q कोटीच्या उपगटांची संख्या 1, q+1, 2q+1 अशी काहीतरी असणार, आणि तिने p ला भाग जाणार. पण q+1 तर p पेक्षा मोठी आहे. उरली फक्त एकची शक्यता. सिद्धता संपली.

सायलो यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसेल, तर एकुलतेपण हाताने तपासून पाहता येतं. २१ कोटीच्या गटात ७ कोटीचे दोन वेगळे उपगट आहेत असं धरून चला. दोघांत सामाईक काय? सामाईक भाग स्वतः उपगट असतो आणि उपगटाच्या कोटीने मोठ्या गटाच्या कोटीला भाग जातो, हे लाग्रांज यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. ७ला भागणाऱ्या संख्या १ आणि ७. उपगट वेगळे, म्हणून सामाईक घटक एकच, ‘जैसे थे’. आता पहिल्यातला एक घटक आणि दुसऱ्यातला एक घटक अशी जोडी घेऊन त्या लागोपाठ खेळा. जोड्या ४९. दोन वेगळ्या जोड्यांतून एकच चाल निघाली, तर दोघांत ‘जैसे थे’खेरीज आणखी एक सामाईक घटक असल्याचं निघतं, आणि ते शक्य नाही. म्हणून ४९ वेगळ्या चाली. गटात जागा २१. पटत नाही, म्हणून दोन उपगट नाहीत. असा निदान एक उपगट आहेच, याची हमी कोशी यांच्या १८४५ सालच्या प्रमेयातून मिळते.

इथे विद्यार्थी हमखास एका जागी चुकतात. मोजणी ते लहान मूळ संख्येवर चालवतात आणि तिथेही एकच उपगट आहे असं लिहून मोकळे होतात. ३ कोटीच्या उपगटांची संख्या ३ने भागून बाकी १ देणारी आणि ७ला भागणारी हवी. १ चालतो, आणि ७सुद्धा चालतो, कारण सात भागिले तीन, बाकी एक. आपल्या वारांच्या गटात खरोखरच सात निघाले. उत्तरपत्रिकेत ‘म्हणून दोन्ही उपगट सामान्य’ असं वाक्य दिसलं की मी समासात एवढंच लिहितो: वार मोजून पाहा. सरल नाही हे ठरवायला मोठ्या मूळ संख्येची मोजणी पुरते. लहान संख्येची मोजणी वेगळं काही सांगते, आणि तेही ऐकण्यासारखं आहे.

कोटी १५ घ्या. ५ कोटीचा उपगट एक, हे आता पाठ झालं. ३ कोटीच्या उपगटांची संख्या ५ला भागायला हवी, म्हणजे १ किंवा ५. पण पाचला तीनने भागून बाकी दोन राहते, म्हणून ५ बाद. म्हणजे इथे दोन्ही उपगट एकुलते. आता घटक मोजा. ‘जैसे थे’ १, तीनच्या उपगटातले २, पाचच्या उपगटातले ४, झाले ७. गटात आहेत १५. राहिलेल्या ८ घटकांचं काय? एकच चाल पुन्हा पुन्हा खेळून घरी परतायला लागणाऱ्या खेपांच्या संख्येने १५ला भाग जातो, म्हणजे ती १, ३, ५ किंवा १५. पहिल्या तिन्ही प्रकारचे घटक संपले. म्हणून या आठांपैकी प्रत्येकाला १५ खेपा लागतात, आणि त्यांपैकी एकटा कोणीही सगळा गट निर्माण करू शकतो. १५ कोटीचा गट एकाच प्रकारचा असतो, पंधरा खाचांच्या चाकासारखा. २१मध्ये दोन प्रकार निघतात: एकवीस खाचांचं चाक आणि आपला वारांचा गट. तीनने भागल्यावर पाचची बाकी दोन आणि सातची एक, एवढ्यावर हा सगळा फरक आहे.

p आणि q एकच असतील तर ही मोजणी गप्प बसते. २५ कोटीच्या गटात ५चा मोठ्यात मोठा घात २५च, म्हणजे सायलोचा उपगट अख्खा गटच. तोही सरल नसतो, पण त्याचं कारण वेगळ्या वाटेने शोधावं लागतं. घात वाढले की आणखी एक अडचण येते. ७ कोटीचे दोन वेगळे उपगट ‘जैसे थे’पलीकडे काही वाटून घेत नाहीत, पण ८ कोटीचे दोन उपगट ४ घटक वाटून घेऊ शकतात, आणि मग बेरीज फुगते. चार वस्तूंच्या सगळ्या अदलाबदलींचा २४ कोटीचा गट घ्या. त्यात ८ कोटीचे तीन उपगट आहेत. भोळेपणाने मोजलं तर ‘जैसे थे’ धरून त्यांत २२ घटक व्हायला हवेत, पण प्रत्यक्षात १६च आहेत. दोन मूळ संख्यांचे कितीही मोठे घात घेऊन गुणले तरी त्या कोटीचा गट सरल नसतो, फक्त एखादी मूळ संख्या एकटीच उरता कामा नये. हे विल्यम बर्नसाइड यांनी १९०४ साली दाखवलं, पण त्यासाठी त्यांना मोजणी सोडून अगदी वेगळं हत्यार वापरावं लागलं.

तीन वेगळ्या मूळ संख्या आल्या तरी मोजणी बरंच काम देते. ३० कोटीचा गट सरल आहे असं धरलं, तर ५ कोटीचे उपगट एकापेक्षा जास्त हवेत, म्हणजे ६. त्यांत ‘जैसे थे’ सोडून २४ घटक. ३ कोटीचेही एकापेक्षा जास्त हवेत, म्हणजे १०, आणि त्यांत २० घटक. चोवीस आणि वीस चव्वेचाळीस, आणि गटात जागा तीसच. म्हणून सरल नाही.

हाच हिशेब ६०वर लावून पाहा. बारा पंचकोनी पृष्ठांचा ठोकळा घ्या आणि तो पुन्हा आपल्याच जागेत बसेल असा किती प्रकारे फिरवता येतो ते मोजा. समोरासमोरच्या पृष्ठांमधून जाणारे ६ आस, प्रत्येकाभोवती ४ फिरक्या, झाल्या २४. समोरासमोरच्या शिरोबिंदूंतून १० आस, प्रत्येकी २, झाल्या २०. समोरासमोरच्या कडांमधून १५ आस, प्रत्येकी १, झाल्या १५. आणि ‘जैसे थे’ १. चोवीस, वीस, पंधरा आणि एक मिळून बरोबर ६०. ५ कोटीचे उपगट सहा, ३ कोटीचे दहा, ४ कोटीचे पाच. एकाही ठिकाणी एकुलता उपगट नाही, बेरीजही कुठे ओसंडत नाही. हा गट सरल आहे, आणि मूळ संख्या वगळल्या तर ६०पेक्षा लहान कोटीचा सरल गट नाही.